कारण : सैल कपडे

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, एकतीस वर्षं देवासच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. माणूस दारातून आत आला की त्यांची नजर आधी त्याच्या खांद्यावर जायची आणि मग चेहऱ्यावर. मी सून म्हणून पहिल्यांदा घरात पाऊल टाकलं तेव्हा ओवाळता ओवाळता त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या, "छाती चौतीस, पण डावा खांदा पडका आहे. ब्लाउजला पॅड लावावं लागेल." मला राग आला होता. पॅड मात्र त्यांनी लावलं आणि आजही माझे ब्लाउज त्याच मापाचे आहेत.

मी आहारतज्ज्ञ. देवासमध्ये बस स्टँडजवळ माझं छोटं क्लिनिक आहे. जिलबी-पोहे आणि सेव खाऊन वाढलेल्या लोकांना मी दिवसभर 'नको' म्हणत असते. माझा नवरा अर्पित पीथमपूरच्या कारखान्यात आहे, तो सकाळी जातो आणि अंधार पडल्यावर येतो. त्यामुळे घरात खऱ्या अर्थानं राहायच्या त्या माई, मी आणि माझी सोळा वर्षांची चिऊ. माई आणि मी एकमेकींवर सारख्या खेकसायचो. आमच्यातली माया तेवढ्याच वाटेनं ये-जा करायची, दुसरी वाट आम्हाला कधी जमली नाही.

दोन वर्षांपूर्वी इंदूरच्या एका संशोधन केंद्रानं अभ्यास हाती घेतला आणि देवासचं काम मला दिलं. हल्ली फोनवर अशी ॲप आली आहेत की तुमचा एक फोटो समोरून, एक बाजूनं घ्यायचा, उंची, वजन, वय टाकायचं आणि फोन सांगतो, तुमच्या अंगात चरबी किती टक्के. फोन काही आत बघत नाही. तो फोटोतून माणसाची नुसती बाह्याकृती कापून काढतो, तिच्यावरून घेर आणि आकार मोजतो आणि आधी मोजून ठेवलेल्या हजारो माणसांशी ताडून अंदाज करतो. हे अंदाज आपल्याकडच्या माणसांना कितपत लागू पडतात, ते आम्हाला पाहायचं होतं. कारण ती हजारो माणसं बहुतेक दुसऱ्या मुलखातली होती.

म्हणून प्रत्येकाला तीन ठिकाणी मोजायचं. आधी फोन. मग केंद्रातला स्कॅनर. त्यात माणूस एका फिरत्या चकतीवर दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून उभा राहतो, चकती पाऊण मिनिटात एक गिरकी घेते आणि समोरचा कॅमेरा अंगाचा सगळा पृष्ठभाग टिपतो. तोही बाहेरूनच. आणि शेवटी डेक्सा. डेक्साच्या टेबलावर आठ-दहा मिनिटं निजायचं, वरून दोन ताकदींचे अगदी सौम्य क्ष-किरण फिरतात आणि हाड किती, चरबी किती आणि उरलेलं किती हे वेगळं करून सांगतात. उरलेल्याला लीन म्हणतात. लोक त्याला स्नायू समजतात. पण त्यात स्नायू येतात, काळीज-यकृत येतं आणि पाणीही येतं. हे मला पाठ होतं. मी दुसऱ्यांना शिकवलंही होतं.

डेक्सा म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे, पण आमच्यासाठी खरं-खोटं त्याच्यावरून ठरणार होतं.

सुरुवातीला मजा आली. डही गावचा एक गडी, दिवसभर गिट्टी फोडणारा, अंगावर चिमटीत धरायला मांस नाही. फोन म्हणाला एकवीस टक्के, डेक्सा म्हणाला बारा. खातेगावचा एक दुकानदार, हातपाय काड्या, शर्टात बारीक दिसणारा. फोन म्हणाला चोवीस, डेक्सा म्हणाला तेहतीस. फोन सगळ्यांना ओढून मध्यावर आणायचा. दीडशे माणसांची सरासरी काढली की फोन आणि डेक्सात जेमतेम एका टक्क्याचा फरक, आणि माणूस एकेकटा घेतला की सात-आठ टक्के इकडे किंवा तिकडे. स्कॅनरचं जरा बरं होतं, पण खोड तीच.

"मतलब गावाचं बरोबर सांगतो आणि माणसाचं चुकीचं," गुड्डी म्हणाली. गुड्डी माझी सहायक. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जरीकाम, मराठी बोलते पण लिहिताना अडखळते, हिंदीत मात्र फर्डी.

"हो. म्हणून एकट्या माणसाला त्याचा आकडा सांगायचा नाही," मी मोठ्या रुबाबात म्हणाले.

आणि घरी मी नेमकं तेच करत होते.

हात बसावा म्हणून मी ते ॲप माझ्या फोनवर घेतलं आणि सरावाला माईंना धरलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांना मधल्या खोलीत भिंतीपुढे उभं करायचं. ॲपला अंगाला चिकटलेले कपडे लागतात. माई गाऊन सोडायला तयार नव्हत्या, मग मी कमरेला ओढणी करकचून बांधायची.

"हात जरा लांब धरा. अजून. माई, नमस्कार नाही करायचा!"

"या वयात मला बाहुलीसारखी उभी करतेस. टेप आण, दोन मिनिटांत सगळी मापं सांगते."

"टेपेत चरबी नाही कळत."

"तुझ्या फोनला कळते होय? तो तरी कुठे आत शिरतोय?"

जानेवारीत छत्तीस टक्के आले. फेब्रुवारीत अडतीस. मार्चमध्ये साडेएकोणचाळीस. वजन मात्र तिथल्या तिथे, एकसष्ट किलो. गाऊन तोच, ओढणी तीच, भिंत तीच. आकडा चुकीचा असेल, पण वाढ तर खरी असणार, असा मी हिशेब केला. आणि वाढलं होतंही. पोट पुढे आलं होतं, ते नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. मी क्लिनिकमधल्या पेशंटशी बोलते त्याच आवाजात माईंशी बोलायला लागले. तूप बंद. दुपारचा भात बंद. दुधाच्या चहात साखर बंद.

"मी खाते तरी कुठे गं? दोन घास खाल्ले की पोट भरतं."

"मग हे वाढतंय काय हवेवर?"

"मला काय ठाऊक. परकराची नाडी पुरेना, आणि ब्लाउजच्या बाह्या मात्र मला आत घ्याव्या लागल्या. दोनदा."

हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. त्या खिडकीपाशी मशीनवर बसल्या होत्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. एकतीस वर्षं मापं घेतलेली बाई मला सांगत होती की तिचं अंग दोन वेगळ्या दिशांना चाललं आहे. मी म्हणाले, "वयानं होतं असं. उद्यापासून संध्याकाळी टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालायचं." आणि त्या मुकाट्यानं चालायला लागल्या. एप्रिलच्या उन्हात छत्री घेऊन.

एकदा तर मी त्यांच्या कपाटात लपवलेले लाडू शोधले. सापडले नाहीत. साडीच्या घड्यांमध्ये डांबराच्या गोळ्या सापडल्या. मी कपाट बंद केलं तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. आमच्या अठरा वर्षांत त्या खेकसल्या नाहीत असे प्रसंग मोजकेच, त्यातला तो एक.

एप्रिलच्या शेवटी अभ्यासात पासष्टच्या वरच्या बायका कमी पडायला लागल्या. मी माईंना म्हटलं, चला. त्या लगेच तयार झाल्या. घरातून निघताना मी चिऊची काळी लेगिंग आणि घट्ट टीशर्ट त्यांच्या पिशवीत घातला. त्यांनी तो बाहेर काढला. मी परत घातला.

"अल्पना, मी ते घालणार नाही. सांगून ठेवते."

"माई, अभ्यासाचा नियम आहे. सगळ्याच घालतात."

"सगळ्या घालोत. मी शाळेत मुलींना पदर कसा घ्यायचा ते शिकवलंय. आता मीच उघडी उभी राहू?"

"पडदा असतो. आत फक्त गुड्डी असते."

"नाही म्हणजे नाही."

इंदूरच्या बसमध्ये क्षिप्रेचा पूल येईपर्यंत आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत होतो. पुलावर त्यांनी नेहमीसारखे हात जोडले आणि पिशवी मांडीवरून पायाशी ठेवली.

अभ्यासाचा असाही नियम होता की घरच्या माणसाचं मोजमाप आपण करायचं नाही. त्यामुळे मी बाहेर फॉर्म भरत बसले. पडद्यामागे गुड्डीनं फोटो घेतले, चकतीवर फिरवलं, मग तुकारामभाऊंनी डेक्सा केला. तुकारामभाऊ तिथले जुने तंत्रज्ञ, बोलायला कमी. माई बाहेर आल्या त्या साडीत, पदर सारखा करत. थकलेल्या दिसल्या. मी विचारलं, "झालं?" त्या म्हणाल्या, "झालं. तुझं काम झालं." परतताना मी त्यांना उसाचा रस प्यायला लावला. अर्धा पेला उरला, तो मीच संपवला.

आठवड्याचे निकाल शुक्रवारी एकत्र यायचे. माझं काम होतं की फोन आणि डेक्सात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर त्या माणसाचा फोटो उघडून पाहायचा, गरज पडली तर त्याला परत बोलवायचं आणि मगच ती नोंद ठेवायची की वगळायची हे ठरवायचं. वगळली तर समोरच्या चौकटीत कारण लिहायचं. नोंद क्रमांक दोनशे अठरा. फोन एक्केचाळीस. स्कॅनर चाळीस. डेक्सा सत्तावीस.

चौदा टक्क्यांचा फरक. एवढा मोठा तोवर कोणाचाच आला नव्हता.

माझ्या तोंडून आधी निघालं ते, "माई, माई!" काय करावं या बाईला. घातलीच नाही ना लेगिंग! साडीत उभी राहिली असणार, आणि गुड्डीची काय बिशाद त्यांना नाही म्हणायची. साडीचा घेर फोननं अंगाचा धरला, स्कॅनरनंही धरला. मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडलेसुद्धा. फोटो उघडायला एक बोट लावायचं होतं. मी लावलं नाही. ज्या बाईला मी अठरा वर्षं ओळखते तिनं काय घातलं असेल हे बघायला फोटो कशाला उघडायचा? मी चौकटीत लिहिलं, 'कारण : सैल कपडे'. नोंद वगळली आणि दोनशे एकोणीसवर गेले.

तेवढ्यात तुकारामभाऊंचा फोन आला. "ताई, तुमच्या माईंचं धडातलं लीन जरा जास्त येतंय. हातांचं कमी आणि धडाचं जास्त. मशीन सकाळीच तपासली होती, ठीक आहे. निजल्यावर पोटही दोन्ही बाजूंना सांडल्यासारखं पसरत होतं. तुम्हाला सांगून ठेवलं." मी म्हटलं, "थँक यू भाऊ, मशीन ठीक आहे ना, मग झालं." मी चरबीच्या रकान्याचा अभ्यास करत होते. लीनचा रकाना त्याच्या शेजारी होता.

उलट मला आनंद झाला. डेक्सा खोटं बोलत नाही! माईंच्या अंगात चरबी सत्तावीस टक्केच, त्यांच्या वयाच्या बाईला हेवा वाटावा इतकी कमी. म्हणजे मी चार महिने उगीच छळलं. संध्याकाळी येताना चक्का आणला आणि स्वतः श्रीखंड केलं, वेलदोडा त्यांना आवडतो तसा जास्त घालून.

"माई, माफ करा. फोन चुकला होता. तुम्ही अगदी बारीक आहात. खा आता पोटभर."

"बघ, मी म्हणत नव्हते?" त्या खूश झाल्या. दोन चमचे खाल्ले. तिसरा उचलला आणि वाटीत परत ठेवला. "छान झालंय गं. उद्या खाईन."

उद्या त्यांनी ते चिऊला दिलं.

मला विचारायला हवं होतं की एकसष्ट किलोची बाई, चरबी कमी, हातांवर मांस कमी, मग हे पोट कशाचं? तीन यंत्रांनी मिळून मला सगळं सांगितलं होतं. फोन आणि स्कॅनर म्हणत होते, हिचं पोट मोठं आहे. डेक्सा म्हणत होता, ते चरबीचं नाही. दोघंही खरं बोलत होते. त्यांचं भांडण का आहे एवढं विचारायचं माझ्याकडे होतं, आणि ते मी दोन शब्द लिहून मिटवून टाकलं.

जुलैच्या सुरुवातीला माईंना जिना चढताना धाप लागायला लागली. मग उलट्या. अर्पितनं रजा घेतली आणि आम्ही त्यांना इंदूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटावर एक हात सपाट ठेवला, दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर टिचकी मारली, मग त्यांना कुशीवर वळवून परत मारली. आवाज बदलला तो मलाही ऐकू आला. सोनोग्राफीत पोटभर पाणी निघालं आणि अंडाशयावर गाठ. पाण्याच्या तपासात जे निघायचं ते निघालं.

"कब से पेट बढ़ रहा था?" डॉक्टरांनी विचारलं.

माझ्याकडे तारखा होत्या. मी फोन काढून त्यांच्यापुढे धरला. जानेवारी छत्तीस, फेब्रुवारी अडतीस, मार्च साडेएकोणचाळीस, एप्रिल एक्केचाळीस. त्यांनी शांतपणे वाचलं.

"मॅडम, ये फैट नहीं बढ़ रहा था. ये पानी बढ़ रहा था."

मी विचारलं, एप्रिलमध्ये आणलं असतं तर? ते म्हणाले, "कह नहीं सकते." मग माझा चेहरा पाहून पुन्हा तेच म्हणाले, जरा हळू. हे दुसऱ्या वेळचं 'कह नहीं सकते' मला जास्त लागलं. बाहेर आल्यावर अर्पितनं माझा हात धरला. मी त्याला तेव्हा काहीच सांगितलं नाही, ना लीनचा रकाना, ना तुकारामभाऊंचा फोन. नंतर सांगितलं. तो म्हणाला, "तुला कसं कळणार?" पण मलाच तर कळायला हवं होतं, बाकी कुणाला कळणार होतं?

पोटातलं पाणी काढलं, साडेचार लिटर. नळीतून पिशवीत पिवळसर उतरताना माई तिकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या बऱ्याच हलक्या झाल्या. उशीला टेकून बसल्या आणि मला म्हणाल्या, "काढ आता फोटो. बघू तुझा फोन काय म्हणतो."

"माई, राहू द्या."

"काढ म्हणते ना. एवढी मेहनत केली, टेकडीपर्यंत चालले मी."

त्यांना भिंतीशी उभं केलं. दवाखान्याच्या गाऊनला मागून मी मुठीत धरून ठेवलं, फोटो चिऊनं काढला. एका बाजूनं मी त्यांच्याबरोबर फोटोत येत होते म्हणून तीन वेळा काढावा लागला. फोन म्हणाला चौतीस. पडद्यावर रंगीत फुगे उडाले आणि लिहून आलं, अभिनंदन, तुम्ही सात टक्के चरबी घटवली.

माई खुदकन हसल्या. "बघ. आता तरी शाबास म्हण."

मी शाबास म्हणाले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात ओढणी कोंबून रडले.

पाणी परत भरलं. परत काढलं, परत भरलं. दोनदा किमोची सलाईन झाली, तिसरी सोसणार नाही म्हणाले. आम्ही माईंना घरी आणलं. त्यांनी खिडकीपाशी पलंग मागितला, मशीन दिसेल असा. शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझा डावा खांदा बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, "पॅड लावत जा हो. नाहीतर फिटिंग बसत नाही." भाद्रपदात, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. त्यांना न्हाऊ घालायला, साडी नेसवायला बायका आल्या तेव्हा कोणीतरी म्हणालं, हात बघा कसे काड्या झालेत. मी बाह्या आत घेतलेला ब्लाउज काढून दिला. तोही सैल झाला.

दिवाळीनंतर केंद्रात बैठक झाली. नेहा मॅडम या अभ्यासाच्या प्रमुख, वयानं माझ्याहून लहान आणि डोक्यानं कडक. त्यांनी भिंतीवर आलेख दाखवला. मधोमध आडवी रेघ, वर-खाली दोन तुटक रेघा, आणि प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. ठिपका रेघेपासून जितका लांब तितकी फोनची चूक मोठी. डहीचा गिट्टी फोडणारा वर, खातेगावचा दुकानदार खाली, निसरपूरच्या बायका मधे दाटीवाटीनं. बहुतेक ठिपके तुटक रेघांच्या आत होते. आलेख देखणा होता. मी वरच्या कोपऱ्यात पाहिलं, जिथे चौदाचा ठिपका असायला हवा होता. तिथे भिंत पांढरी होती.

बैठक संपल्यावर मी नेहा मॅडमना थांबवून सगळं सांगितलं. मी म्हटलं, "दोनशे अठरा परत आत घ्या. ती चूक नव्हती."

त्या म्हणाल्या, "अल्पनाताई, पोटात पाणी असेल तर तशीही ती व्यक्ती अभ्यासात बसत नाही. आपल्या अटींमध्येच आहे. मी तिला आत घेऊ शकत नाही." मग म्हणाल्या, "पण कारण चुकीचं लिहिलंय. ते बदलायला हवं. आणि फोटो न बघता तुम्ही ते लिहिलंत, हे मला अहवालात सांगावं लागेल."

"सांगा," मी म्हणाले.

"अजून एक टीप घालू. मोठा फरक आला की आधी माणूस तपासा, मग नोंद. ती तुम्हीच लिहा."

त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. बदल करण्याआधी फोटो पाहायचा असा नियम होता, आणि यावेळी मी तो पाळला. ॲप चेहरा ठेवत नाही. राहते ती नुसती काळी आकृती, पांढऱ्यावर. मी दोनशे अठरा उघडली.

साडी नव्हती. साडीत पाय दिसत नाहीत, खाली एकच काळा कोन दिसतो. इथे दोन पाय होते, वेगवेगळे, बारीक, मधून पांढरं दिसत होतं. हात अंगापासून दूर, मी घरी सांगायची तसे, बरोबर तेवढेच लांब. दंड काड्यांसारखे. केस वर बांधलेले. आणि मधे ते पोट, इतकं स्पष्ट की शिकाऊ मुलीनंही बोट ठेवून विचारलं असतं, हे काय आहे?

मी गुड्डीला हाक मारली. ती आली, पाहिलं आणि खाली बघायला लागली.

"दीदी, त्यांनी पडद्यामागे कपडे बदलले ना. चिऊची लेगिंग, टीशर्ट. मी तर म्हटलं होतं, माई, नसेल जमत तर रहने दो. त्या म्हणाल्या, नाही गं, माझ्या सुनेचं काम आहे, ते चोख व्हायला पाहिजे. आणि म्हणाल्या, तिला सांगू नकोस हं, घरी चिडवत बसेल."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाही, दीदी."

गुड्डी माझ्या खुर्चीपाशी उभी राहिली, गेली नाही. मी चौकटीतले दोन शब्द खोडले. त्यांच्या जागी आधी लिहिलं, 'कपडे नियमाप्रमाणे होते'. मग पुढे लिहिलं, 'पोटात पाणी'. नोंद वगळलेलीच राहिली.